लग्न होऊन निघताना आईबाबांना द्यायचं पत्र: मसुदा वाचून सांगाल का?

अनुस्वार

पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. त्यानंतर मी दुसऱ्या शहरात राहायला जाणार. निघताना आईबाबांच्या हातात एक पत्र द्यायचं मनात आहे. आमच्याकडे मनातलं बोलून दाखवायची पद्धत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की बाबांना एकदम पंख्याचा रेग्युलेटर तपासावासा वाटतो, त्यामुळे तोंडी काही बोलणं होणार नाही हे नक्की. बरेच दिवस खटपट करून खालचा मसुदा झालाय. वाचल्यावर मलाच काही वाटत नाही. काय बिघडलंय ते सांगा, कडक बोललात तरी चालेल.

> प्रिय आईबाबा, आज मी तुमचं घर सोडून जाते आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याचे उपकार मी सात जन्मांत फेडू शकणार नाही. तुम्ही दोघंही माझ्यासाठी देवासारखे होतात. स्वतःच्या इच्छा मारून तुम्ही मला वाढवलंत, माझं ओझं वाहिलंत. माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला माफ करा. कधी दुखावलं असेल तर माफ करा. आई, तू किती प्रेमळ होतीस! बाबा, तुमचा धाक होता, पण प्रेमही होतं. मी रोज फोन करेन. प्रत्येक क्षणी तुमची आठवण येईल. तुमचीच लाडकी.

खवचट

कडक चालेल म्हणालात म्हणून सांगतो. यातलं नाव बदललं की हे पत्र माझ्या मेहुणीचं होतं, आणि तिच्या मैत्रिणीचंही. तुमच्या आईबाबांनी हे वाचून स्वतःला ओळखायचं कसं?

सुमनताई

बाळ, मन घट्ट कर. नव्या घरी पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून आई म्हण, माहेरचे गोडवे गाऊ नकोस, फोन कमी कर. माझ्या सुनेलाही मी हेच सांगितलं होतं.

अनुस्वार

सुमनताई, धन्यवाद, पण प्रश्न सासरचा नव्हता हो. पत्र आईबाबांसाठी आहे.

सुमनताई

तेच तर सांगतेय. त्यांना पत्र लिहून रडवू नकोस.

टिवटिवाट

उलट आहे, ताई. कृतज्ञतेचं पत्र मिळालं की माणसं आनंदी होतात हे संशोधनाने सिद्ध झालंय. अट एकच: पत्र समोर बसून स्वतः वाचून दाखवायचं. नुसतं हातात दिलं तर काही उपयोग होत नाही. सेलिगमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आहे.

मोरपीस

टिवटिवाट, थोडी दुरुस्ती करते, हा विषय मी शिकवते. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या त्या अभ्यासात लोकांना एक आठवडा दिला होता. ज्याचे आभार कधी नीट मानले गेले नाहीत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि ते स्वतः नेऊन द्यायचं. पण मोजला होता तो लिहिणाऱ्याचा आनंद. तो महिनाभर वाढलेला दिसला आणि तीन महिन्यांनी ओसरला होता. पत्र ज्यांना मिळालं त्यांचं काय झालं, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.

अनुस्वारच्या कामाचा अभ्यास दुसरा आहे, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा, 2018 मधला. त्यांनी लिहिणाऱ्यांना आधी विचारलं, की समोरच्याला हे वाचून किती अवघडल्यासारखं होईल? मग ज्यांना पत्र मिळालं त्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांनी अवघडलेपणाचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त बांधला होता आणि आनंदाचा कमी. शिवाय शब्द नेमके जमतील की नाही याची काळजी लिहिणाऱ्याला असते, वाचणारा मात्र त्यातली माया बघतो. तेव्हा शैलीची चिंता थोडी कमी कर. बाबा रेग्युलेटरकडे गेले तरी पत्र पोचलेलं असतं.

वाचून दाखवायचं की नाही हे घरावर अवलंबून. ज्या घरात डोळ्यांतलं पाणी लपवायला पंखा लागतो, तिथे समोर बसून वाचणं म्हणजे बाबांना कोंडून ठेवणं होईल.

वाचकमात्र

दोन मुलींचा बाप आहे, आणि आयुष्यभर लोकांचे मसुदे तपासायचं काम केलंय. दोन्ही नात्यांनी लिहितो.

पहिली गोष्ट काळाची. तुमच्या मसुद्यात आईबाबा भूतकाळात गेलेत. 'देवासारखे होतात', 'प्रेमळ होतीस', 'धाक होता'. तुम्ही निरोप घेताय म्हणून क्रियापदं आपोआप मागे सरकली, पण वाचताना ती श्रद्धांजली वाटते. ते आहेत, तुम्हीही आहात. एखादा प्रसंग घडून गेला असेल तर तो भूतकाळात सांगा, माणसं मात्र वर्तमानात ठेवा.

दुसरी गोष्ट 'तुम्ही'. तुम्ही आईला तू म्हणता आणि बाबांना तुम्ही. दोघांना एकत्र लिहायला बसलात की सगळं 'तुम्ही दोघांनी' होतं आणि आई त्यात हरवते. रोज जिला तू म्हणता, तिला अचानक आदरार्थी केलंत की ती लांब जाते. पाकीट एक असू दे, पण आत आधी एकाशी बोला, मग दुसऱ्याशी.

तिसरी गोष्ट 'ओझं'. हा शब्द माझ्या थोरलीने तिच्या पत्रात लिहिला होता. तिला नम्रपणे म्हणायचं होतं हे मला कळत होतं. तरी मी आठ दिवस विचार करत होतो, की आमच्या वागण्यात असं काय होतं ज्यामुळे हिला ती ओझं आहे असं वाटावं. तिला विचारलंही नाही. आईबाप असे शब्द शब्दशः घेतात. उपकार आणि फेडणं यांचंही तेच. त्यात हिशेब येतो, आणि हिशेब आला की आम्ही सावकार ठरतो.

आता करायचं काय, तर एक सोपी युक्ती. मसुद्यातलं 'तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत' हे वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा: कोणी, कुठे, काय केलं, आणि तेव्हा मला ते कळलं होतं का? शेवटचा भाग महत्त्वाचा. जे तेव्हा कळलं नाही आणि आता कळतं, तेच पत्रात लिहिण्यासारखं असतं. कारण बाकीचं त्यांना माहीतच आहे.

खवचट

तिसऱ्या मुद्द्यावर कधी नव्हे ते सहमत.

क्षितिज२२

माझी आई लग्नाच्या आधीच गेली. मी फक्त बाबांना लिहिलं, आणि त्यातलं निम्मं पत्र आईबद्दल झालं. तू हे कसं निभावलंस, ते कसं केलंस, असं सगळं. बाबांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "छान लिहिलंयस." नंतर कपाटात मला ते पत्र तिच्या फोटोमागे ठेवलेलं दिसलं. म्हणजे ते त्यांनी तिचं पत्र म्हणून ठेवलं होतं. त्यांचं पत्र लिहायचं राहिलंय असं अजून वाटतं. अनुस्वार, बाबांचा भाग आईच्या भागाएवढाच भरू दे.

अनुस्वार

क्षितिज, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

वाचकमात्र, तुमची युक्ती वापरून बसले. आईचं लगेच सापडलं, बाबांचंही सापडलं. एका जागी मात्र अडलेय. मी इंजिनिअरिंग मध्येच सोडलं तेव्हा बाबा आणि मी कित्येक महिने धड बोललो नव्हतो. ते पत्रात घ्यावं का? न घेतलं तर खोटं वाटतं. घेतलं तर निघायच्या दिवशी जुनं उकरल्यासारखं होतं.

टिवटिवाट

अजिबात घेऊ नकोस. आनंदाचा प्रसंग आहे.

मोरपीस

मी घेतलं असतं. ज्या बापलेकीत अबोला होऊन गेलाय, त्या पत्रात त्याचा मागमूस नसला तर वाचणारा तोच शोधत बसतो.

वाचकमात्र

वाक्य लिहून बघा आणि स्वतःला विचारा: हे वाचून बाबांना उत्तर द्यावंसं वाटेल का? 'तुम्ही तेव्हा माझ्याशी बोलला नाहीत' असं लिहिलंत तर त्यांना बाजू मांडावी लागेल, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे वेळही नसेल आणि तुम्हीही नसाल. ते बोलणं समोरासमोर व्हायला हवं, पत्रात नको. पण तो अबोला कसा संपला हे सांगितलंत, तर त्याला उत्तर लागत नाही.

सुमनताई

माफी तरी ठेव बाई. आईबापांची माफी मागितल्याशिवाय घरातून निघू नये.

खवचट

दोन ओळींत दोनदा मागितली होती की. कशाची ते मात्र सांगितलं नव्हतं. 'काही चुकलं असेल तर' ही माफी सरकारी पत्रासारखी वाटते.

अनुस्वार

नवा मसुदा टाकतेय. लांब झालाय.

> आई, बाबा,
>
> हे पत्र दोघांचं आहे, पण दोघांशी एकदम बोलायला मला जमत नाही. आधी आईशी बोलते.
>
> आई, मी पोहायला शिकत होते तेव्हा तू रोज तलावावर यायचीस. तुला पाण्याची भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तू बाकावर तलावाकडे पाठ करून बसायचीस आणि वर्तमानपत्र वाचतेयस असं दाखवायचीस. पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही. मी काठाला हात लावून हाक मारली की तू न वळता नुसता हात वर करायचीस. मला राग यायचा, कारण बाकीच्यांच्या आया काठावर उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. तू घरी थांबू शकली असतीस, मला शेजारच्या काकूंबरोबर पाठवू शकली असतीस, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तुझ्या भीतीची लागण मला होऊ नये म्हणून तू तोंड फिरवून बसायचीस, हे मला अगदी अलीकडे कळलं. मी आज खोल पाण्यात न घाबरता उतरते ते त्या बाकामुळे.
>
> तू अजून तशीच आहेस. गेले काही दिवस काळजी दाटून आली की माझ्याकडे पाठ करून कपाट आवरतेस. घड्या घातलेलेच कपडे पुन्हा उलगडून घड्या घालतेस. मला दिसतं ते. मी काही बोलत नाही, कारण बोलले तर कपाट तसंच टाकून आपण दोघी रडत बसू.
>
> बाबा, आता तुमच्याशी.
>
> घरी असताना माझ्या सायकलच्या चाकांतली हवा कधी कमी झाली नाही. मला वाटायचं सायकलच चांगली आहे. हॉस्टेलला ती नेली आणि महिन्याभरात दोन्ही चाकं बसली. दुरुस्तीवाला म्हणाला, "पंक्चर नाहीये. ट्यूबमधून हवा थोडी थोडी जातच असते, भरत राहावी लागते." रात्री तुम्हाला फोन करून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "स्कूटरची भरायचो रविवारी, तेव्हा तुझीही भरायचो." आणि विषय बदललात. बाबा, स्कूटरमध्ये तुम्ही पेट्रोल पंपावर हवा भरता. जिन्याखालचा तो हातपंप फक्त माझ्या सायकलसाठी होता.
>
> मी इंजिनिअरिंग सोडल्यावर आपण बरेच महिने धड बोललो नाही. ते मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरला नसाल. पण माझ्या लक्षात जास्त राहिली ती त्यानंतरची एक सकाळ. नव्या विषयाची पहिली परीक्षा होती. मी चपला घालत होते आणि तुम्ही आतून ओरडलात, "हॉलतिकीट घेतलं का?" परीक्षेची तारीख मी तुम्हाला सांगितली नव्हती. म्हणजे तुम्ही माझं वेळापत्रक कुठून तरी बघून ठेवलं होतं. मी नुसतं "हो" म्हणाले आणि पळाले. तेव्हा परत आत यायला हवं होतं. ते राहिलं, त्याबद्दल सॉरी.
>
> आता दोघांना.
>
> मी घर सोडतेय असं मला म्हणायचं नाही. राहायला दुसरीकडे जातेय. घराची किल्ली माझ्या जुडग्यातच राहू दे. माझी खोली आहे तशी जपून ठेवू नका. टेबल दादाला हवं असेल तर त्याला घेऊ दे, तिथे कुणी बसलेलं मला आवडेल.
>
> रोज फोन करेन असं लिहिलं होतं, ते खोडलं. जमणार नाही, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी तुम्ही काळजी करत बसाल. रविवारी सकाळी मात्र नक्की करेन. आणि बाबा, त्या फोनवर "थांब, आईला देतो" म्हणून लगेच फोन देऊन टाकायचा नाही. आधी पाच मिनिटं माझ्याशी बोलायचं.
>
> तुमची,
> मनू

मोरपीस

कपाटाच्या परिच्छेदावर थांबले. पाठ फिरवणं आधी तलावावर आणि आता कपाटापाशी, हे तू जाणूनबुजून जोडलंस का?

अनुस्वार

नाही. पहिलं लिहून झालं आणि दारातून बघितलं, तर आई तेच करत होती.

खवचट

हातपंप. बास, मला काही म्हणायचं नाही.

टिवटिवाट

अबोल्याचा भाग माझ्या अंदाजापेक्षा बरा निघाला. तरी 'ते मी विसरलेले नाही' हे बोचतं. माझ्या बाबांना असं कुणी लिहिलं तर पुढचं वाचायच्या आधी ते तिथेच अडकतील.

वाचकमात्र

टिवटिवाट यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ते वाक्य काढूनही परिच्छेद उभा राहतो. 'बरेच महिने धड बोललो नाही. पण माझ्या लक्षात जास्त राहिली ती...' असा थेट जाऊ शकतो. पण 'बोललो नाही' यात तुम्ही दोघांना धरलंय, एकट्या बाबांवर ढकललेलं नाही, म्हणून मी ठेवलं असतं. तुमचे बाबा तुम्हाला जास्त माहीत.

'सॉरी' राहू द्या. पहिल्या मसुद्यातल्या माफीला कारण नव्हतं, हिला आहे. तुमच्या घरात 'क्षमस्व' कुणी म्हणत नसणार.

सुमनताई

सायकलचं वाचून आमच्या ह्यांची आठवण झाली, तेही असंच न सांगता करायचे. पत्र छान आहे. पण ते किल्लीचं सासरच्या कुणी वाचलं तर? 'ही मनाने अजून तिकडेच' असं म्हणतील.

अनुस्वार

सासरच्यांनी वाचायचा प्रश्न येत नाही, पाकीट आईच्या हातात देणार आहे. आणि होणाऱ्या नवऱ्याला किल्लीचं सांगितलंय. त्याच्याकडेही त्याच्या आईबाबांच्या घराची किल्ली आहे, मग माझ्याकडे का नको?

सुमनताई

बरं बाई, तुमचा काळ वेगळा.

क्षितिज२२

फोनचं वाक्य वाचून हसू आलं आणि मग रडू. आमच्याकडेही "आईला देतो" होतं. आता द्यायला कुणी नाही तर बाबा बोलतात, चांगले अर्धा तास बोलतात. त्यांना बोलता येतं हे मला फार उशिरा कळलं.

एक विचारू? बाबांच्या गोळ्या, विजेचं बिल, फोनचे पासवर्ड वगैरे तू बघत असशील तर ते पत्रात नाही का घालणार? मी घातलं होतं.

अनुस्वार

हो, आईच्या फोनवरचं सगळं मीच बघते. शेवटी एक यादी जोडावी असं मनात होतं.

वाचकमात्र

वेगळ्या कागदावर. ती यादी फ्रिजवर किंवा फोनजवळ लागेल, वापरून मळेल, पासवर्ड बदलला की खोडली जाईल. शिवाय आलेल्या पाहुण्याला दिसेल. एकाच कागदावर दोन्ही असलं, तर पत्र तरी दर्शनी राहील किंवा यादी तरी कपाटात जाईल.

क्षितिज२२

मला नाही पटत. माझ्या पत्रातला बाबांनी सगळ्यात जास्त वेळा वाचलेला भाग गोळ्यांचाच असेल. 'रात्रीची निळी जेवणानंतर' हेही प्रेमच आहे की.

वाचकमात्र

तुमच्या बाबतीत खरं असेल. नाही म्हणत नाही.

मोरपीस

देणार कधी? निघतानाच्या गडबडीत दिलंस तर ते कुणाच्या तरी पिशवीत जाईल आणि चार दिवसांनी सापडेल. शिवाय त्या क्षणी दोघंही इतके भरलेले असतात की वाचणं होत नाही. आदल्या रात्री दिलंस तर सकाळी एकमेकांकडे बघणं अवघड होईल. माझ्या मते त्यांच्या रोजच्या जागी, म्हणजे वर्तमानपत्र जिथे ठेवतात तिथे, ठेवून जावं. घर रिकामं झाल्यावर सापडेल.

खवचट

घर रिकामं झाल्यावर सापडलेलं पत्र दोघं एकेकटे वाचतील, एक आत, एक बाहेर. आदल्या रात्री दिलं तर निदान सकाळी ही समोर असेल. बाबांना काही बोलायचं असलं तर बोलता येईल.

अनुस्वार

बाबा बोलणार नाहीत. पण बोलले तर मी तिथे असायला हवं, हे खरं. आदल्या रात्रीकडे कल होतोय, अजून ठरत नाहीये.

टिवटिवाट

टाइप करून प्रिंट देणार की हाताने? फोनवर पाठवलंस तर जपून राहील, कागद हरवतो.

अनुस्वार

हाताने. बाबांचा चष्मा बदलायचा राहिलाय, म्हणून अक्षर मोठं काढतेय आणि ओळी सोडून लिहितेय. पानं वाढली त्यामुळे.

वाचकमात्र

पानांना आकडे घाला, आणि वर तारीख, सालासकट. थोरलीच्या पत्रावर तारीख नाही. ते लग्नाच्या आधी लिहिलेलं की नंतरचं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. ती म्हणते आधी, ही म्हणते नंतर.